गोबरगॅसच्या रबडीतले विनॉक्सी जीवाणू : जारच्या कामाच्या नोंदी

२४ जून

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीतले ऑब्लिगेट अ‍ॅनेरोब, म्हणजे ऑक्सिजन असेल तिथे वाढूच न शकणारे जीवाणू, वेगळे करायचे आणि हवा लागल्यावर त्यांतला कोण किती टिकतो ते पाहायचं. विभागात अ‍ॅनेरोबिक चेंबर नाही. अडीच लिटरचा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा जार आहे. त्याच्या झाकणावर दाबमापक आणि दोन झडपा आहेत, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक जाळीच्या डबीत पॅलेडियमचा मुलामा दिलेल्या गोळ्या, म्हणजे कॅटॅलिस्ट. शिवाय व्हॅक्यूम पंप आणि मिश्र वायूचा सिलिंडर : ८० टक्के नायट्रोजन, १० टक्के हायड्रोजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड.

जारचं तत्त्व सोपं आहे. पंपाने बहुतेक हवा ओढून घ्यायची, जागी मिश्र वायू भरायचा, आणि आत उरलेल्या ऑक्सिजनचं हायड्रोजनशी पाणी करून टाकायचं काम कॅटॅलिस्टवर सोडायचं. मॅकिंटॉश आणि फिल्ड्स यांनी १९१६ साली केलेला जार याच तत्त्वावर चालायचा. फक्त त्यांचा कॅटॅलिस्ट तापवावा लागे, आपला नेहमीच्या तापमानाला काम करतो.

बीएस्सीच्या मुलांपैकी एकाने विचारलं, मेणबत्तीचा जार का नको? मेणबत्ती विझते तेव्हा आतला ऑक्सिजन संपलेला नसतो, तो १६-१७ टक्के शिल्लक असतो. मेणबत्तीच्या जारमध्ये वाढतो तो थोडा जादा कार्बन डायऑक्साइड, आणि तो ज्यांना हवा असतो त्या जीवाणूंसाठीच तो जार आहे. आपल्या जीवाणूंना तिथे आणि उघड्या टेबलावर जवळपास सारखीच वागणूक मिळते. हा गैरसमज इतक्या जणांकडून ऐकलाय की पहिल्याच पानावर लिहून ठेवते आहे.

२७ जून

सकाळी करवीर तालुक्यातल्या एका गावी जाऊन रबडी आणली. दोन म्हशी, घुमटाची टाकी, आणि बाहेरच्या कुंडीत जमलेली रबडी तिथून थेट उसाला. कुंडीतला वरचा थर हवेला लागलेला असतो, म्हणून तो बाजूला सारला आणि बाटली बुडवून कोपरभर खोलीवरची रबडी भरली. बाटली रबडीच्या आतच काठोकाठ भरून तिथेच रबरी बूच लावलं, म्हणजे वर हवेची पोकळी राहत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. या बाटलीत गॅस तयार होतच राहतो आणि बूच उडतं. त्यामुळे बुचात बारीक सुई टोचून मधून मधून दाब सोडला आणि लगेच सुई काढली. बाटली फ्रीजमध्ये ठेवली नाही. थंडीत द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि नाजूक जीवाणूंना थंडीही सोसत नाही. नेहमीच्या तापमानालाच ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत आणली.

कुंडीशी उभ्या असलेल्या आबांनी विचारलं, "पोरी, हवा लागली की मरत्यात म्हणतीस, मग गोठ्यातनं टाकीत जाईपतोर शेण उघड्यावरच असतंय की. तवा कशी जगत्यात?"

सगळ्या प्रकल्पातला हाच खरा प्रश्न आहे. तिथल्या तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. शेणाचा पो बाहेरून उघडा दिसला तरी ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरच्या आत फारसा जात नाही, कारण पृष्ठभागावरचे दुसरे जीवाणू, ज्यांना ऑक्सिजन चालतो, तो वाटेतच संपवतात. त्यांच्या आडोशाला आतले जगतात. आणि काही जण बीजाणू करून बसतात. त्या अवस्थेत त्यांना हवेचं काही वाटत नाही. आबा म्हणाले, "म्हंजे बीच की." हो, तसंच. पण यातलं किती बीजाणूमुळे आणि किती आडोशामुळे, ते आमच्या रबडीत मोजून बघायला हवं. प्रयोगाची मांडणी तिथेच मनात ठरली : रबडीचा अर्धा भाग तापवून आणि अर्धा न तापवता लावायचा.

२८ जून

जार लावण्याआधी आकडेमोड केली, कारण छापील पद्धतीतला आकडा जसाच्या तसा उचलणं मला पटत नव्हतं. पद्धतीत लिहिलंय, "६०० मिलिमीटर व्हॅक्यूमपर्यंत ओढा." आपला दाबमापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब ७६०, म्हणजे ६०० ओढल्यावर आत १६० मिलिमीटर हवा उरते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. इथे बाहेरचाच दाब ७१० च्या जवळ, त्यामुळे त्याच ६०० ला आत ११० च उरते.

पुढचं गणित : ११० भागिले ७१० म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के हवा शिल्लक. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे वायू भरून झाल्यावर जारमध्ये सव्वातीन टक्के ऑक्सिजन राहणार. त्याचं पाणी करायला दुप्पट, म्हणजे साडेसहा टक्के हायड्रोजन लागणार. भरलेल्या मिश्र वायूतून मिळतो सुमारे साडेआठ टक्के. पुरतो. हेच मुंबईत ६०० वर थांबून केलं तर ऑक्सिजन ४.४ टक्के राहतो, त्याला ८.८ टक्के हायड्रोजन हवा आणि मिळतो ७.९. म्हणजे तिथे कॅटॅलिस्ट कितीही चांगला असला तरी ऑक्सिजन उरणार. तिथे ६५० पर्यंत ओढायला हवं.

या गणितातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. सव्वातीन टक्के ऑक्सिजन आणि साडेसहा टक्के हायड्रोजन मिळून जवळपास पावणेदहा टक्के वायू पाणी होऊन नाहीसा होतो. म्हणजे वायू भरून, काटा शून्यावर आणून, झडपा बंद केल्या की थोड्या वेळाने काटा आपणहून व्हॅक्यूमच्या बाजूला सरकायला हवा, आणि ७० मिलिमीटरच्या आसपास थांबायला हवा. याला दुय्यम व्हॅक्यूम म्हणतात. कॅटॅलिस्ट जिवंत आहे का, याची जार न उघडता होणारी ही परीक्षा.

दुपारी कोरा जार लावून पाहिलं. झडपा बंद करून घड्याळ लावलं. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. मग काटा थरथरला आणि हळूहळू खाली येऊ लागला. हात लावला तर कॅटॅलिस्टच्या डबीवरची झाकणाची जागा कोमट लागत होती. वीस मिनिटांनी काटा ६५ च्या खाली जाऊन ठरला. मग पुन्हा मिश्र वायू भरून काटा शून्यावर आणला. मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "तीन वेळा नायट्रोजनने धुवून मग भरतात काही ठिकाणी. का नाही करत तू?" तीन वेळा धुतलं तर ऑक्सिजन आधीच ०.१ टक्क्याखाली जातो, ते चांगलंच. पण मग दुय्यम व्हॅक्यूम दोन मिलिमीटरसुद्धा होत नाही, काटा हललेला दिसत नाही आणि कॅटॅलिस्ट मेलेला असला तरी कळत नाही. नवशिक्या हाताला आधी एकदाच ओढणं बरं, असं माझं मत. मॅडमांनी मान्य केलं, फक्त ऑक्सिजन गेला की निळ्याची पांढरी होणारी मेथिलीन ब्लूची पट्टीही आत हवीच म्हणाल्या.

२९ जून

रबडी लावली. क्रम लिहून ठेवते, कारण सगळं यश जारच्या बाहेरच्या त्या काही मिनिटांत आहे.

प्लेटा आदल्या रात्रीपासून जारमध्ये ठेवलेल्या. अगार उघड्यावर असताना त्यात ऑक्सिजन मुरतो. शिवाय अगार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१४ साली हे दाखवलं. म्हणून दोन्ही वेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळले. माध्यम ब्लड अगारच, वर हेमिन आणि के-१ जीवनसत्त्व.

विरळ करण्याच्या द्रवात ०.०५ टक्के सिस्टीन आणि लिटरला एक मिलिग्रॅम रेझाझुरिन. उकळून ऑक्सिजन घालवला आणि गच्च बंद करून थंड केला. रेझाझुरिन आधी निळा, मग गुलाबी, आणि ऑक्सिजन गेला की बिनरंगी होतो. सकाळी एका नळीत वरचा थर गुलाबी झाला होता. अशी नळी एकदा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून वापरता येते. दुसऱ्यांदा उकळायची नाही.

रबडीचा एक भाग ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवला. त्यात फक्त बीजाणू वाचतात. दुसरा भाग तसाच. दोन्हींतून एकाआड एक प्लेटा लावल्या, लगेच जारमध्ये. सोबत क्लोस्ट्रिडियम स्पोरोजिनिसची एक प्लेट, ती वाढलीच पाहिजे. आणि स्युडोमोनास एरुजिनोसाची एक, ती वाढता कामा नये. स्युडोमोनासच्या माध्यमात नायट्रेट नाही याची खात्री केली, नाहीतर तो नायट्रेटवर श्वसन करून ऑक्सिजनशिवायही वाढतो आणि चांगल्या जारवर खोटा आळ येतो.

काटा ७० पर्यंत गेला. पट्टी निळीच होती, पण ती तासाभरात बदलत नाही, काही तास घेते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवला.

१ जुलै

पूर्ण ४८ तास झाल्याशिवाय जार उघडायचा नाही, हे पाळलं. हळू वाढणारे जीवाणू चोवीस तासांत नेमके वाढीच्या भरात असतात, आणि त्या वेळी हवा लागली तर सर्वांत आधी तेच जातात.

पट्टी पांढरी. स्युडोमोनासची प्लेट कोरी, स्पोरोजिनिस छान पसरलेला. तापवलेल्या रबडीच्या प्लेटांवर पसरट, कडा विस्कटलेल्या कॉलनी. न तापवलेल्या प्लेटांवर याच जातीच्या, आणि शिवाय लहान, गोल, राखाडी कॉलनी, ज्या तापवलेल्यात एकही नव्हत्या. वास इतका की खोलीतला पंखा लावावा लागला.

४ जुलै

आज दुसऱ्या खेपेच्या प्लेटांसाठी जार लावला आणि काटा हललाच नाही. अर्धा तास शून्यावर. डबीवर हात ठेवला, गार.

दोन शक्यता होत्या. झाकणाची रिंग गळत असेल तर आधी काटा खाली जातो आणि मग बाहेरची हवा शिरून परत शून्याकडे येतो. इथे तो खाली गेलाच नव्हता. म्हणजे गळती नव्हे, पाणी तयार होण्याची क्रियाच सुरू झाली नव्हती. खात्रीसाठी रिकामा जार ६०० ला ओढून झडप बंद केली आणि एक तास ठेवला. काटा होता तिथेच. रिंग चांगली आहे, कॅटॅलिस्ट गेला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. रबडीतले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तोच तो परवाचा वास. सल्फाइड पॅलेडियमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच मिळत नाही. वर पावसाळा. चार दिवस पंचगंगेच्या खोऱ्यात पाऊस उघडलेला नाही, प्रयोगशाळेत कपाटातले कागद सुद्धा ओलसर लागतायत. ओलावा धरलेला कॅटॅलिस्ट मंदावतो हे पुस्तकात होतं, इथे दोन्ही कारणं एकत्र आली.

प्लेटा लगेच बाहेर काढून दुसऱ्या जारमध्ये अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या पाकिटासोबत ठेवल्या. हे पाकीट स्वतःच ऑक्सिजन शोषतं, हायड्रोजनही लागत नाही आणि कॅटॅलिस्टही. फक्त फोडल्याबरोबर काम सुरू करतं, म्हणून मिनिटाच्या आत झाकण लागलं पाहिजे. विभागात मोजकीच पाकिटं आहेत, रोज वापरणं परवडणार नाही.

कॅटॅलिस्टच्या गोळ्या डबीसकट हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास.

५ जुलै

गोळ्या डेसिकेटरमध्ये गार करून परत बसवल्या. सातव्या मिनिटाला काटा सरकू लागला, ७० च्या जवळ थांबला. आता नियम केला : प्रत्येक खेपेनंतर गोळ्या ओव्हनमध्ये, आणि दोन डब्या आलटून पालटून. एक जारमध्ये, एक डेसिकेटरमध्ये. जारच्या तळाशी सल्फाइड धरायला थोडा कोळसाही ठेवणार आहे, अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल.

९ जुलै

कॉलनी वेगळ्या केल्या. कॉलनी जारमध्ये वाढली म्हणून ती ऑब्लिगेट अ‍ॅनेरोब ठरत नाही, ई. कोलाय पण जारमध्ये मजेत वाढतो. प्रत्येक कॉलनी तीन प्लेटांवर उतरवली : एक उघड्या हवेत, एक मेणबत्तीच्या जारमध्ये, एक जारमध्ये. जी फक्त तिसऱ्यावर वाढली ती आमची. निम्म्याहून जास्त कॉलनी इथेच गळाल्या.

उरलेल्यांवर मेट्रोनिडाझोलची ५ मायक्रोग्रॅमची चकती ठेवली. ऑब्लिगेट अ‍ॅनेरोबच्या वाढीत चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, बाकीचे अगदी चकतीला टेकून वाढतात. वर्तुळ पडलेल्यांपैकी दोन पुढच्या कामाला घेतल्या. र-३ : तापवलेल्या रबडीतली, ग्रॅम पॉझिटिव्ह दांडी, टोकाला बीजाणू. र-७ : न तापवलेल्या रबडीतली लहान राखाडी कॉलनी, ग्रॅम निगेटिव्ह, बीजाणू नाही.

१३ जुलै

आज वीज गेली. इनक्युबेटर दुपारभर बंद. जार बंद असल्याने ऑक्सिजनचा प्रश्न नाही, वाढ फक्त मागे पडेल.

बसल्या बसल्या पुढच्या प्रयोगाची बैठक लिहून काढली : ऑक्सिजन यांचं नेमकं काय बिघडवतो?

पाश्चरने १८६१ साली ब्युटिरिक आंबवण करणारे जीवाणू काचपट्टीवर पाहिले, तेव्हा थेंबाच्या मध्यावरचे हलत होते आणि काठाला, हवेशी, स्थिर झाले होते. ऑक्सिजन लागला की थांबतात, एवढं तेव्हापासून माहीत आहे. का, याचं बरीच वर्षं दिलं जाणारं उत्तर मॅकॉर्ड, कील आणि फ्रिडोविच यांनी १९७१ साली मांडलं. ऑक्सिजन एकेक इलेक्ट्रॉन घेत गेला की आधी सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. हवेत जगणाऱ्यांकडे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटॅलेज ही एन्झाइम असतात, त्यांनी ही विषं निकामी होतात. ऑब्लिगेट अ‍ॅनेरोबकडे ती नसतात, म्हणून मरतात.

पाठ्यपुस्तकात अजून इतकंच असतं आणि ते अपुरं आहे. आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसकडे ही दोन्ही एन्झाइम आहेत, तरी तो हवेत वाढत नाही. म्हणजे विष साफ करणारे हात असूनही काहीतरी बंद पडतं.

बंद पडतात ती या जीवाणूंच्या पोटापाण्याची एन्झाइम. साखरेपासून पायरुव्हेट होईपर्यंत आपलं आणि त्यांचं सारखंच. तिथून पुढे ते पायरुव्हेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेज नावाचं एन्झाइम वापरतात. त्यात लोह आणि गंधकाचे गुच्छ असतात, आणि त्यांचं कामच मुळी इलेक्ट्रॉन सहज देणं. समोर ऑक्सिजन आला की इलेक्ट्रॉन त्याला जातात, गुच्छ मोडतो, एन्झाइम थंडावतं. दुसरीकडे सुपरऑक्साइड फ्युमरेजसारख्या एन्झाइममधल्या गुच्छांतून लोह सुटं करतो. हे सुटं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल होतो, आणि तो डीएनएला सोडत नाही. काही जातींकडे पायरुव्हेट फॉर्मेट लायेज असतं. ऑक्सिजन त्याची साखळीच तोडतो, ती पुन्हा जुळत नाही.

म्हणजे दोन वेगळे परिणाम आहेत. एक, पायरुव्हेटवर काम थांबल्याने वाढ थांबणं. हा परतवता येतो, ऑक्सिजन गेला की गुच्छ दुरुस्त होतात. दुसरा, डीएनए आणि प्रथिनांचं कायमचं नुकसान, म्हणजे मरण. कोणत्या जीवाणूत पहिल्यावरच निभावतं आणि कोणाचं दुसऱ्यापर्यंत जातं, ते त्याच्याकडे विष साफ करण्याची सोय किती यावर ठरतं. १९७१ चं उत्तर इथे उपयोगी पडतं.

९ तारखेच्या चकतीचं कारणही इथेच आहे, हे लिहिताना लक्षात आलं. मेट्रोनिडाझोल स्वतः विषारी नाही. त्याला याच पायरुव्हेटच्या एन्झाइमकडून फेरेडॉक्सिनमार्फत इलेक्ट्रॉन मिळाले की तो क्रियाशील होऊन डीएनए तोडतो. जो मार्ग ऑक्सिजनपुढे उघडा पडतो, त्याच मार्गाने औषध आत काम करतं. म्हणूनच ई. कोलायवर सहसा वर्तुळ पडत नाही. हे समजल्यावर ती प्लेट पुन्हा काढून बघितली. इतकं साधं वर्तुळ, पण बघत बसावंसं वाटलं.

१८ जुलै

हवेचा प्रयोग. र-३ आणि र-७ च्या कोवळ्या वाढीतून प्लेटा लावल्या. काही लगेच जारमध्ये, काही उघड्या टेबलावर १५ मिनिटं, काही तासभर, काही चार तास, मग जारमध्ये. र-३ चा एक वेगळा संच जुन्या वाढीतून, ज्यात मायक्रोस्कोपखाली बहुतेक दांड्यांना बीजाणू दिसत होते.

कोवळी वाढ घेताना बीजाणू खरंच नाहीत हे आधी रंगवून तपासलं. ती तपासणी नसती तर निकालाला अर्थ राहिला नसता.

२० जुलै

निकाल इतका स्वच्छ येईल असं वाटलं नव्हतं. र-३ ची कोवळी वाढ १५ मिनिटांत निम्म्यावर आली, तासाभरात दहाव्या भागाच्याही खाली, चार तासांच्या प्लेटेवर काही नाही. त्याच र-३ ची बीजाणूंची वाढ चार तासांनंतरही लगेच लावलेल्या प्लेटेइतकीच. एकच जीवाणू, फक्त वय वेगळं.

र-७ चं वागणं तिसऱ्याच तऱ्हेचं. तासाभर हवेत राहिलेल्या प्लेटेवर ४८ तासांनी कॉलनी बारीक, टाचणीच्या टोकाएवढ्या. वाटलं, मेले. मॅडम म्हणाल्या, "टाकू नकोस, पुन्हा आत ठेव." प्लेट पटकन परत जारमध्ये.

२२ जुलै

र-७ च्या त्या कॉलनी पूर्ण आकाराच्या झाल्या, आणि संख्या लगेच लावलेल्या प्लेटेच्या जवळपास. हवेत तो मेला नव्हता, थांबला होता. चार तासांच्या प्लेटेवर मात्र संख्या घटलेली.

मग कॅटॅलेज तपासलं. अ‍ॅनेरोबसाठी नेहमीचं ३ टक्के पेरॉक्साइड चालत नाही, १५ टक्के घेतात, आणि आधी प्लेट अर्धा तास हवेत ठेवतात. र-७ वर थेंब टाकल्याबरोबर बुडबुडे. र-३ वर थेंब जसाच्या तसा. १३ तारखेला लिहिलेल्या दोन परिणामांशी हे जुळतं : र-७ कडे पेरॉक्साइड निकामी करायची सोय आहे, त्यामुळे त्याचं काम थांबण्यावरच निभावतं, र-३ च्या कोवळ्या पेशींकडे ती नाही, त्यांचा भरवसा बीजाणूवर. एका एन्झाइमच्या चाचणीवरून एवढंच म्हणता येतं. सुपरऑक्साइडचं काय होतं ते आम्ही मोजलेलं नाही. बऱ्याच क्लोस्ट्रिडियमकडे त्यासाठी सुपरऑक्साइड रिडक्टेज नावाचं वेगळं एन्झाइम असतं, ज्यातून ऑक्सिजन परत तयार होत नाही. र-३ कडे ते असेल आणि तरी चार तास पुरलं नसेल, हे शक्य आहे.

२७ जुलै

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चेंबर पाहून आले. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा तंबू, समोर हातमोजे. आतला वायू नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि ५ टक्क्यांच्या आत हायड्रोजन, म्हणजे गळती होऊन हवेत मिसळला तरी पेट घेणार नाही. सामान आत न्यायला बाजूला दोन दारांची पेटी. पेटी पंपाने रिकामी करून नायट्रोजनने भरायची, असं दोनतीनदा केल्यावरच आतलं दार उघडायचं.

तिथे काम करणाऱ्या ताईंनी सांगितलेली गोष्ट मला नवी होती. चेंबर कधीच "झाला एकदा" असं नसतं. प्लास्टिकच्या भिंतींतून आणि हातमोज्यांतून ऑक्सिजन सतत झिरपत राहतो, म्हणून पंखा लावलेला कॅटॅलिस्ट रात्रंदिवस चालू. तोही सल्फाइडने मरतो, म्हणून त्यांचीही डब्यांची अदलाबदल आणि ओव्हन आमच्यासारखंच. प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्येसुद्धा ऑक्सिजन मुरलेला असतो, त्या आदल्या दिवशीच आत ठेवतात. फायदा एवढाच की हातांची सगळी हालचाल आत होते. आमच्याकडे विरळ करताना आणि रेघा ओढताना जी मिनिटं हवेत जातात, ती तिथे जात नाहीत. र-३ ची कोवळी वाढ १५ मिनिटांत निम्मी होते हे माहीत असल्यावर त्या मिनिटांची किंमत कळते. आमच्या १ जुलैच्या प्लेटांवर जे वाढलं नाही, ते रबडीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

३१ जुलै

सर्वांत मोठी उणीव लिहून ठेवायला हवी. रबडीतून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून जास्त मिथेन, आणि मिथेन करणारा एकही सूक्ष्मजीव आमच्या प्लेटांवर आलेला नाही. ते येणारही नव्हते. ते जीवाणू नव्हेत, आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट. त्यांना माध्यमाची रेडॉक्स पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा कल, उणे ३३० मिलिव्होल्टच्या खाली लागते. मेथिलीन ब्लूची पट्टी शून्याच्या थोडी वरच पांढरी होते, रेझाझुरिन उणे ५० च्या आसपास बिनरंगी होतो. पट्टी पांढरी आहे म्हणून जार त्यांच्यासाठी तयार आहे, असा अर्थ होत नाही.

त्यांच्यासाठी हंगेट यांची पद्धत आहे. माध्यम उकळून ऑक्सिजन घालवायचा, ऑक्सिजनविरहित वायूच्या झोताखाली नळीत ओतायचं, जाड रबरी बूच लावायचं आणि पुढचं सगळं सुईने बुचातून करायचं. पातळी खाली आणायला सिस्टीनसोबत सोडियम सल्फाइड घालतात. प्रत्येक नळी हाच एक छोटा चेंबर. मिथेन आला का ते गॅस क्रोमॅटोग्राफवर दिसेल, आणि त्यांच्यातलं एफ-४२० नावाचं सहघटक ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात निळसर हिरवं चमकतं, ते फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहता येईल.

मॅडमांनी बुचं आणि सीरम बाटल्या मागवायला होकार दिला. नायट्रोजनमधला उरलासुरला ऑक्सिजन काढायला तो तापवलेल्या तांब्यावरून न्यावा लागतो. तशी नळी काचकाम करणाऱ्याकडून करून घ्यायची आहे. तिचं रेखाचित्र सोमवारपर्यंत द्यायचं.

आबांना फोन केला. त्यांच्या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर सांगितलं : काही बीजाणू होऊन तगतात, काही हवेत नुसते थांबतात आणि हवा गेली की परत चालू होतात, आणि ज्यांना तेही जमत नाही ते शेणाच्या आतच राहतात. "आन् गॅस करणारं?" त्यांनी विचारलं. ते पुढच्या महिन्यात, आबा. रबडी परत लागेल. या वेळी कुंडीतली नको, टाकीच्या आतली, नळी घालून ओढलेली.